चिंध्यांची थैली

आमच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांची पाठ जन्मभर मशीनवर वाकून गोल झालेली. काकू म्हणायच्या, "यांना भिंतीला टेकवून ठेवलं तर भिंतच वाकेल." पक्षाघाताने काकूंची डावी बाजू गेली, पण जिभेला मात्र त्याने हात लावला नाही.

मुलीने सरळ सांगितलं, "बाबा, आईला खाटेवरून खुर्चीत बसवायला तुम्हाला जमलं तर ती इथे राहील. नाहीतर मी घेऊन जाते."

म्हणून फिजिओथेरपीवाल्या ताई शिकवायला येऊ लागल्या. सुरुवात रिकाम्या हातांनी. काकांच्या पाठीवर झाडूचा दांडा उभा धरायचा. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे.

"गुडघे जरासे सैल. आता कंबर मागे न्या. हात भरलेत आणि दार मागच्या बाजूने लोटायचंय, असं समजा."

काका वाकले की दांडा माकडहाडापासून सुटायचा. मग खुर्चीवर बसता बसता उठायचा धडा: टाचा जमिनीवर, गुडघे पावलांच्या दिशेने. खाटेवरून काकू म्हणायच्या, "माझ्यापुढे एवढं कधी वाकला नाहीत हो."

दांडा जरा टिकू लागला तशी काकांनी एक थैली शिवली. काकूंच्या मापाची, छातीपासून कमरेपर्यंत, दोन्ही बाजूंना धरायला पट्टे. ताईंनी तिच्यात नुसत्या चिंध्या भरायला लावल्या.

"अंगाशी घट्ट धरून उचला. वाकायची ढब बिघडेनाशी झाली की मग थोडी थोडी वाळू. आणि काकूंना मी असतानाच."

"म्हणजे माझ्या जागी चिंध्या," काकू म्हणाल्या. "बोलत नाहीत, तेवढंच सुख."

तेवढ्यात मुलीचा फोन आला, रविवारी येते म्हणून. काका घाबरले. दुपारी काकूंचा डोळा लागलेला पाहून त्यांनी थैली वाळूने गच्च भरली आणि उचलायला वाकले. घाईत अंगाने जन्माची सवय धरली. पाठ गोल झाली, कमरेत कळ गेली. धपकन आवाज आला. काकू जाग्या झाल्या, पण खाटेवरून उतरता येईना. त्यांची हाक ऐकून आम्ही धावलो.

रविवारी मुलगी आईला घेऊन गेली. निघताना काकू अंथरुणावरच्या काकांना म्हणाल्या, "नीट शिका. मग न्यायला या."

काकांची कंबर सावरायच्या आत काकू मुलीकडेच वारल्या.

परवा ताई चौकशीला आल्या. काकांनी थैलीतली वाळू काढून पुन्हा चिंध्या भरल्या होत्या. ताईंनी दांडा पाठीवर धरला. काका वाकले, थैली उचलली, उभे राहिले. दांडा तिन्ही ठिकाणी टेकलेला.

"छान जमलं," ताई हळूच म्हणाल्या. "आता वजन थोडं वाढवायला हरकत नाही."

"असू दे," काका म्हणाले. "आता काही घाई नाही."

त्यांनी थैली खिडकीजवळच्या खुर्चीत नीट बसवली आणि कलंडू नये म्हणून डाव्या बाजूला उशी लावली.