बिबड्यांच्या पानावरचा ‘मी’

बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, मी थापायचे आणि त्यांचा घाटा माझी मोठी जाऊ करायची. ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची, कोंडा काढायचा आणि मग चुलीवर शिजवून त्यात तीळ, लसूण, मिरची घालायची. घाटा उतरवायची वेळ चुकली की बिबडा वाळताना तडकतो. ती वेळ तिला कळायची. मला नाही. आमच्या रनाळे गावात हे सगळ्यांना माहीत होतं.

सून कॉलेज शिकलेली. तिने विक्रीसाठी मोबाइलवर आमच्या बिबड्यांचं पान काढलं. त्यात ‘आमच्याविषयी’ म्हणून एक जागा असते. ती म्हणाली, “आई, इथे ‘मी’ करून लिहू. पुण्यामुंबईच्या बायका घरचं म्हणून घेतात. त्यांना एक बाई समोर बसून सांगतेय असं वाटलं पाहिजे. कोण, काय करते, कसं करते, आणि शेवटी मागवायचं कसं. बस.”

“‘आम्ही’ लिही ना.”

“‘आम्ही’ म्हटलं की कारखान्यासारखं वाटतं. आणि मोठ्या आईंचं काय लिहू?”

मोठ्या आई म्हणजे माझी जाऊ. मी चौथी शिकले आहे, पण तिचा प्रश्न मला नीट समजला होता. म्हणाले, “लांबत जाईल. राहू दे.”

तिने लिहिलं, ‘मी सासूकडून बिबडे शिकले. घाटा मी अजून चुलीवरच शिजवते.’ मला वाचून दाखवलं. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आयुष्यात कोणी माझ्याबद्दल दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. पुढे माल जायला लागला. बायका फोन करायच्या, म्हणायच्या, तुमचं वाचून आमची आजी आठवली. मी हो हो म्हणायचे.

जाऊबाईंना वाचता येत नाही. त्यांची मुलगी सुरतेला असते, तिने ते पान फोनवर वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी जाऊबाई नेहमीच्या वेळेला आल्या आणि पातेल्यासमोर बसल्या.

“घाटा कोन करस?”

“तू करस, बाई.”

“मंग त्यामा मी कोठे शे?”

मी सुनेकडे बोट दाखवलं. म्हणाले, पोरीने लिहिलं, मला काय कळतं त्यातलं. सून खाली मान घालून लसूण सोलत राहिली. जाऊबाईंनी तो घाटा पुरा केला, वेळेवर उतरवला, हात धुतले आणि गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत; आम्ही आधीचाच माल पुरवत राहिलो.

महिनाभरात नाशिकच्या एका दुकानदाराने माल हवा म्हणून कळवलं आणि माहिती मागितली. सून म्हणाली, “याला ‘मी’ चालणार नाही. त्याला आठवणी वाचायला वेळ नाही. कोण बनवतं, कुठे, माल किती देऊ शकतो, किती दिवस टिकतो, हे तिऱ्हाइताने सांगितल्यासारखं हवं.” आणि मला न विचारता तिने पहिलीच ओळ लिहिली, ‘रनाळ्यातील दोन जावा मिळून हे बिबडे बनवतात.’ पुढे दोघींची नावं, घाटा कोणाचा, थापणं कोणाचं.

मी तिला घेऊन जाऊबाईंकडे गेले. सुनेने वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“दुकानदारले खरं सांगस आनि बाकीसले खोटं. ते दुसरं बदल, मंग येसू.”

वाटेत सून म्हणाली, “बदलू या का, आई? ‘मी’ तसाच ठेवता येतो. ‘मी थापते, घाटा माझी जाऊ शिजवते.’ एक वाक्य आहे.”

म्हणजे ‘मी’ असल्यामुळे जाऊ राहून गेली नव्हती. पहिल्या दिवशीही ते एक वाक्य मावलं असतं. मीच नको म्हटलं होतं. आणि त्या वाटेवर पुन्हा तेच केलं. म्हणाले, “चाललंय ते कशाला बिघडवायचं? बायकांना तेच आवडलंय.”

जाऊबाई आल्या नाहीत. घाटा मी शिजवला. पानावर लिहिलेलं तेवढं खरं झालं. दुकानदाराकडे गेलेल्या बिबड्यांतले निम्मे तडकलेले निघाले. त्याने फोनवर सुनेला विचारलं, “दोन जावा लिहिलंय ना तुम्ही? दुसरी कुठे गेली?” सुनेने त्याच्यासाठी लिहिलेल्या माहितीतली पहिली ओळ खोडली.

मग मी तिला म्हटलं, बायकांच्या पानावर आता घाल, घाटा माझी जाऊ शिजवायची, मी तिचं नाव दिलं नाही म्हणून ती आता येत नाही. तिने मोबाइल खाली ठेवला. म्हणाली, “आई, असं वाचून कोणी बिबडे मागवेल का?”

मागवणार नाही, हे मलाही कळत होतं. मी हट्ट धरला नाही. पान आहे तसंच आहे.