इंद्रायणीला वाहिलेलं गाठोडं

नातीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कुणबी दाखला हवा, आणि दाखल्यासाठी खापरपणजोबाच्याही मागचा माणूस हवा. माणूस सापडला, वडगावच्या कचेरीतल्या जुन्या मोडी नोंदीत, जातीसकट. पण तो आमचाच कशावरून?

सातबारावर आमचं आडनाव एक, फेरफाराला दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. मोडीत तर आडनावच नाही. नुसतं अमका बिन तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका. चार खेपा झाल्या. खिडकीतला कारकून दर वेळी, "आजी, हे सगळे एकच कशावरून?" जिभेवर आलं होतं, तुझ्या आजोबाला विचार, त्यानंच लिहिलं असेल.

शेवटी तळेगावच्या मोडी वाचणाऱ्या गुरुजींना गाठलं. ते म्हणाले, "मावशी, आडनावाचं सोडा. लिहिणाऱ्यानं ऐकलं तसं उतरवलंय. घोळ तुमच्या वंशावळीत आहे."

आमच्यात थोरल्या नातवाला आज्याचं नाव. दोनच नावं पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून. वंशावळ लिहिताना मी शहाणीनं आजा आणि नातू एकाच चौकटीत कोंबले होते. मधला बाप उडाला.

"भावांचं जुनं वाटणीपत्र आहे का घरात? त्यावरून पिढ्या उलगडतील."

"नाही," मी छताकडे बघत म्हटलं.

होतं की! नवी नवरी मी, नववी पास, म्हणजे अख्ख्या गावाला अक्कल शिकवायला आलेली. माळ्यावर लाल फडक्यात कागद, अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी. वर 'श्री' असल्यानं जाळता येईना. मग हळदकुंकू वाहून, देवांच्या फाटक्या तसबिरींबरोबर, गाठोडं इंद्रायणीत सोडलं आणि सासूबाईंना ऐटीत सांगितलं, "माळा लख्ख केला!" ती नववी पास बया आज भेटली तर कान उपटीन.

नातीला खरं सांगितलं. तिनं लगेच विचारलं, "दुसऱ्या भावांच्या घरी नसेल?"

वाटणीपत्राची प्रत प्रत्येक भावाकडे असायची. म्हणून दोघी आंबीला, चुलतजाऊबाईंच्या दारात. बांधावरून भांडण झाल्यापासून आमचं बोलणं बंद.

"या! नदीत आनि काय सोडायचं ऱ्हायलंय?"

"तुमच्याकडची प्रत बघायची होती. पोरीच्या प्रवेशाची मुदत संपत आली."

"पोरीसाठी दावते. तुमी हात लावायचा न्हाई."

ट्रंकेतून कागद निघाला. वरचा भाग वाळवीनं खाल्लेला. आडनाव असलंच तर तेवढंच तिनं नेमकं फस्त केलेलं! खाली मात्र तिघे भाऊ, त्यांचा बाप, बापाचा बाप, असं गुरुजींनी नातीच्या मोबाइलवरचा फोटो वाचून सांगितलं. दोन पिढ्या वाढल्या. म्हणजे प्रतिज्ञापत्र नवं, रांग नवी, खिडकी मात्र तीच. आणि कारकुनाला फोटो चालेना, मूळ कागद हवा.

पुन्हा आंबी. जाऊबाईंनी कागद कापडात गुंडाळून पोटाशी धरला.

"म्या सोता येते कचेरीत. पन रिक्षा पुलावरून जाईल तवा तुमी मधी बसायचं, कडंला न्हाई."

मी मुकाट मधे बसले.