पाळी आली म्हणून

अयोध्याचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला, तेव्हा उदगीरला तिची पिशवी खरवडून साफ केली. त्यानंतर पाळी काही आली नाही. महिन्याच्या महिन्याला पोटात कळा मात्र यायच्या.

"पिशवी वाळली हिची. आणखी एकदा धुवून घ्यायला पायजे," सासू तुळजाबाई गावभर सांगत सुटली. जावेच्या डोहाळजेवणात तिनं अयोध्याला बाजूला बसवलं, ओटीसुद्धा भरू दिली नाही.

"धुतल्यानंच तर झालं हे. आता न्हाई धुणार," अयोध्या म्हणाली, आणि नवऱ्याला घेऊन तिनं थेट नांदेड गाठलं.

तिथं डॉक्टरीणबाईंनी खालच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालून बघितलं. पिशवीच्या भिंती जागोजागी पट्ट्यांनी चिकटल्या होत्या. खरवडताना आतलं अस्तर खोलवर निघालं, की उघड्या जखमा अशाच एकमेकींना धरतात, असं बाई म्हणाल्या. मग भूल देऊन, दुर्बिणीतून बघत त्यांनी बारीक कात्रीनं पट्टे कापले. भिंती पुन्हा चिकटू नयेत म्हणून आत काही दिवस छोटा फुगा ठेवला, अस्तर वाढायला गोळ्या दिल्या. नंतर परत दुर्बीण घातली, तर पिशवी आतून मोकळी होती.

गोळ्या संपल्या आणि पाळी आली.

"बाजूला बस. चुलीला शिवू नको," तुळजाबाई म्हणाली.

अयोध्यानं परात पुढ्यात ओढली.

"पाळी न्हाई म्हणून बाजूला बसवलंत, आत्याबाई. आता आली म्हणून बी बसू?" असं म्हणून तिनं पिठात पाणी ओतलं.