भूमितीच्या पेपरातल्या आकृत्या

ही हकिकत लिहायला मी पुष्कळदा बसलो आणि दरवेळी दुसरंच काहीतरी लिहून उठलो. नोकरीतल्या आठवणींवर दोन-तीन लेख झाले, एका स्मरणिकेत तर आमच्या परीक्षा समितीचा इतिहास मीच लिहिला. त्यात हा प्रसंग एका ओळीत उरकला होता: 'तांत्रिक कारणाने फेरपरीक्षा घ्यावी लागली.' ते तांत्रिक कारण म्हणजे मी.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी शिरूरमध्ये एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या काही शाळांनी मिळून दहावीची सराव परीक्षा एकत्र घ्यायला सुरुवात केली होती, आणि तिच्या समितीचा मी सचिव होतो. मांडवगणपासून केडगावपर्यंतची मुलं एकाच दिवशी एकाच पेपराला बसत. एका वर्षी एक पेपर आधीच फुटला, तेव्हा मी कडक नियम केले. पेपर काढणाऱ्याने फ्लॉपी माझ्या हातात द्यायची, स्वतःकडची फाइल पुसायची, कच्चे कागद जाळायचे आणि तसं लिहून द्यायचं. परीक्षा झाली की फ्लॉपी मी पुसायची. छापायच्या आधी प्रूफ त्यालाही दाखवायचं नाही. नियम चांगलेच होते. आजही कुणी विचारलं तर मी ते तसेच सांगेन, फक्त प्रुफाचा सोडून.

त्या वर्षी भूमितीचा पेपर दौंडच्या एका शाळेतल्या बाईंकडे दिला. बाई मूळच्या मांडवगण फराट्याच्या. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेती केली, आणि ह्या गणितात पदवी घेऊन शिक्षिका झाल्या. समितीत तोवर भूमितीचा पेपर जुने, ठरलेले सरच काढायचे. बाईंचं नाव मीच सुचवलं होतं, कारण त्या उत्तम शिकवतात हे मला ठाऊक होतं. एक-दोघांनी नाकं मुरडली. एकजण म्हणाले, "बाई कंप्युटरवर पेपर काढणार म्हणे. बघा हां, त्रिकोणाचा चौकोन व्हायचा." सगळे हसले. मीही हसलो.

बाईंनी पेपर स्वतः टाइप केला. आकृत्या आधी कागदावर कंपासने काढल्या, स्टेशनजवळच्या कंप्युटर सेंटरमध्ये स्कॅन करून घेतल्या आणि फाइलमध्ये ज्या त्या प्रश्नाखाली बसवल्या. फ्लॉपी द्यायला त्या शिरूरला आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. "सर, या खेपेला वेगळा कागद नाही. आकृत्या आतच आहेत. चिकटवायची भानगड संपली."

ही चिकटवायची भानगड म्हणजे काय, ते सांगायला हवं. तोवर भूमितीचा पेपर आला की मजकूर एकीकडे आणि आकृत्यांचा कागद वेगळा यायचा. छापखान्यात मजकुराची पानं लावून झाली की आकृत्या कापून त्यांच्या जागी चिकटवायच्या आणि मग छपाईला घ्यायचं. बाईंच्या पेपरात प्रथमच आकृत्या मजकुराबरोबर, फाइलच्या पोटात आल्या होत्या.

शाळेच्या कंप्युटरवर मी फाइल उघडली. पहिल्याच पानावर वर्तुळ आणि त्याला बाहेरून टेकलेली स्पर्शिका. सुंदर. अक्षरं जिथल्या तिथं, कोनाचं माप आकृतीतच लिहिलेलं. मी मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे.

फ्लॉपी घेऊन छापखान्यात गेलो. छापखान्याचे मालक आप्पा, माझ्याच वयाचे. त्यांनी फाइल उघडायचा दोनदा प्रयत्न केला आणि हात टेकले.

"सर, उघडंना. आमची मशीन म्हातारी आन् तुमची फाइल नवी नवरी. मागल्या टायमाला मराठीचा पेपर आणला तसा आणा. नुसता मजकूर करून. फाँट माझ्याकडं त्योच हाय."

हे आम्ही नेहमी करत होतो. वर्डची फाइल 'नुसता मजकूर' म्हणून साठवली की ती कुठल्याही जुन्या मशीनवर उघडते. पडद्यावर आधी इंग्रजी अक्षरांचा गिचमिड गोळा दिसतो. मग सगळं निवडून मराठी फाँट लावला की अक्षर न् अक्षर परत येतं. इतिहास, भूगोल, मराठी, सगळे पेपर असेच पार पडले होते. त्यामुळे या कामात मी स्वतःला तरबेज समजत होतो.

मी शाळेत परतलो, फाइल उघडली आणि नुसता मजकूर म्हणून साठवायला सांगितलं. कंप्युटरने नेहमीची चौकट दाखवली: या फाइलमधल्या काही गोष्टी या प्रकारात टिकणार नाहीत, तरी साठवू का? दरवेळी ती यायची, दरवेळी मी 'यस' दाबायचो. टिकत नव्हतं ते म्हणजे ठळक अक्षरं आणि अधोरेखा, ते आप्पा पुन्हा करून द्यायचे. या खेपेलाही मी 'यस' दाबलं.

नुसत्या मजकुराच्या फाइलीत चित्राला जागाच नसते. त्यात फक्त अक्षरं, आकडे, मोकळ्या जागा आणि ओळ संपल्याच्या खुणा. चित्र गेलं तर मागे रिकामी चौकटही राहत नाही. खालची ओळ वर सरकते आणि पान एकसंध दिसतं. ज्याने मूळ पाहिलेलं नाही, त्याला काही गेलंय हे कळायला मार्ग नाही. मी मात्र मूळ पाहिलं होतं.

आप्पांनी पानं लावली. सगळ्या विषयांची प्रुफं मी एकाच दुपारी तपासायला बसलो. प्रश्नांचे क्रमांक, गुण, वेळ, शाळांच्या सूचना. मी मराठीचा माणूस, भूमितीचा प्रश्न आतून वाचायच्या भानगडीत पडलो नाही. आप्पा चहा घेऊन आले.

"सर, औंदा भूमितीला आकृत्या न्हाईत व्हय? चिकटवायला कागद न्हाई आला."

"बाईंनी सगळं फाइलमध्येच घातलंय, आप्पा. आता कागदबिगद नाही. आहे तसं छापा."

"तसं न्हवं, इथं 'शेजारील आकृतीत' असं लिवलंय…"

"आप्पा, पेपर वाचायचा नाही असा नियम आहे ना?"

आप्पा हसले, "वाचला न्हाई सर, डोळ्याखाली आला," आणि गेले. पेपर छापले गेले, सीलबंद झाले, शाळाशाळांना पोचले.

परीक्षेच्या दिवशी पाकिटं फुटली आणि माझ्या ऑफिसातला फोन वाजायला लागला. केंदूरहून पहिला. "सर, आकृती कुठाय? पोरं इचारत्यात." मग केडगावहून, मग मांडवगणहून. एका शाळेतल्या शिक्षकाने अंदाजाने फळ्यावर आकृती काढून दिली. पण माप आकृतीतच होतं, ते तो कुठून आणणार? मुलं पेन तोंडात धरून बसली. तासाभरात पेपर रद्द करावा लागला.

पहिला फोन ठेवतानाच मला काय झालंय ते समजलं होतं. खात्री करायला कपाटातून फ्लॉपी काढली. बाईंची फाइल उघडली. वर्तुळ, स्पर्शिका, समांतर रेषा, सगळं जिथल्या तिथं. शेजारी माझी मजकुराची फाइल उघडली. त्यात शब्द होते, एकही रेघ नव्हती. मी कंप्युटर बंद केला आणि फ्लॉपी खिशात घातली.

दोन दिवसांनी दौंडला समितीची बैठक झाली. बाई समोरच बसल्या होत्या.

"आकृत्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी स्वतः घातल्या होत्या."

"मग गेल्या कुठं? कावळ्यानं नेल्या?" कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

"माझ्याकडची फाइल मी पुसली. कागद जाळले. नियमच तसा आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, फ्लॉपी तुमच्याकडे होती ना? तुम्ही उघडून पाहिली होती. सांगा ना."

फ्लॉपी तेव्हाही माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "परीक्षा झाली की फ्लॉपी पुसायची असा नियम आहे. आम्हाला जी फाइल मिळाली, ती आम्ही छापली."

एवढंच. पुढचं बाकीच्यांनी केलं. जुने सर म्हणाले, "तरी मी सांगत होतो." बाईंचं नाव पेपर काढणाऱ्यांच्या यादीतून काढलं आणि फेरपरीक्षेचा पेपर जुन्या सरांनी हाताने लिहून दिला. पुढच्या वर्षी शाळेने बाईंकडचे दहावीचे वर्ग काढून घेतले आणि पाचवी-सहावी दिली. दोन्ही तालुक्यांतल्या शाळांत 'आकृत्या विसरलेल्या बाई' असं त्यांना म्हणू लागले.

आप्पांनी मला एकदाच विचारलं. "सर, मी बोललो होतो तवा." मी म्हटलं, "हो." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विषय काढला नाही. आमच्या समितीची छपाई त्यांच्याकडेच राहिली.

निवृत्त झाल्यावर मी बाईंकडे गेलो. त्या तेव्हा केडगावला राहत होत्या. जाताना गाडीत मी वाक्य घोकत होतो. बाईंनी चांगलं स्वागत केलं, कांदेपोहे केले. शाळांचं, पावसाचं, माझ्या गुडघ्याचं बोलणं झालं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या,

"सर, तुम्हाला तेव्हा माझ्यामुळे फार मनस्ताप झाला. मी पुष्कळ विचार केला त्यावर. माझंच काहीतरी चुकलं असणार. फ्लॉपीवर घेताना नीट सेव्ह झालं नसेल. नाहीतर अशा आकृत्या जातील कशा?"

"आता कशाला ते," मी म्हणालो.

"नाही, माझ्या मनात राहिलं होतं. तुम्ही माझं नाव सुचवलं आणि मी तुम्हाला खाली मान घालायला लावली."

इतकी वर्षं त्या माझी चूक स्वतःची समजून वागवत होत्या. मी चहा संपवला. त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. "या पुन्हा, सर," म्हणाल्या. मी येतो म्हणालो आणि गेलो नाही. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्याचं कळलं.

त्यांच्या शाळेतले शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी अजून आहेत. त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिलं आहे. त्या दिवशी केडगावच्या घरात मला बोलायचं होतं ते एवढंच होतं: बाई, आकृत्या तुमच्या फाइलीत होत्या. सगळ्या होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्या. त्या माझ्या हातून गेल्या, आणि बैठकीत मला ते माहीत होतं. मला माफ करा.