गोधडीतलं लेकरू आन तीन कॅमेरे

माह्या लेकराची मान माह्या हातावर लोळली, आन समोरून फिल्मवाल्या सरांनी अंगठा वर केला. म्हंजे भारी चाललं, थांबू नको.

मी ओरडली, "अरे, हा डोळे नाही उघडून राहिला! पाहा ना कोनी!"

कोनी हललं नाही. ढोलकी वाजतच होती. खांद्यावर कॅमेरा घेतलेला मानूस उलट आनखी जवळ आला, माह्या तोंडापाशी. वस्तीतल्या बाया पदरानं डोळे पुसून राहिल्या. सारे समजले हे नाटकातलं हाय. मी एवढं चांगलं रडली नव्हती कधी.

हे नाटक आम्ही वस्तीतले सात-आठ जन रस्त्यावर करतो, ऊन लागन्याच्या विषयावर. मी तापलेल्या लेकराची माय बनते. लेकराले ताप आला समजून त्याले गोधडीत गुंडाळते, बाकीचे माह्याभोवती फिरून ओरडतात, "काढ वं गोधडी, काढ!" आन मी तीन खेपा म्हनते, "नाही, हवा लागंल त्याले." रस्त्यावर गोधडीत जुन्या लुगड्याचं गाठोडं असते. चालते. एखादी म्हातारी त मधातच येऊन माह्या हातची गोधडी ओढते, वरून शिवी देते, आन सारे हसतात.

आरोग्यवाल्यांनी त्याची फिल्म कराची म्हनलं. म्हंजे गावागावात मोबाइलवर दिसंल. फिल्मवाले सर आले, चांगले होते बिचारे. एक कॅमेरा गच्चीवर लावला, एक बाजूले स्टँडवर, एक खांद्यावर. कॅमेऱ्यात कॅमेरा दिसू नये म्हनून आमचा गोल तोडून अर्धा केला. लोकायले सांगितलं, "कॅमेऱ्याकडे पाहाचं नाही, जागा सोडाची नाही, काही झालं तरी मधात याचं नाही."

मंग मले म्हनाले, "ताई, जवळून गाठोडं ओळखू येते. तुमचं बाळ हाय ना, आठ महिन्याचं? दोन मिनिटाचं काम हाय."

सासू म्हने, "पोट्टं काय सामान हाय का गा?"

"आई, तीन कॅमेरे हायेत. एका खेपेत सारं होते."

एका खेपेत नाही झालं. पहिल्यांदा खांद्यावरचा कॅमेरावाला गच्चीवरच्या कॅमेऱ्यात आला. दुसऱ्यांदा एक बाई कॅमेऱ्यात पाहून फिदीफिदी हासली. वरती सावलीसाठी हिरवी जाळी बांधली होती, तिच्या सावलीचे पट्टे तोंडावर पडत म्हनून ती पहिलेच काढली होती. ऊन डोक्यावर आलं. मी त्याले पाजलं, पन त्यानं थोडंसंच घेतलं. गोधडी सोडाले गेली त सरांच्या हाताखालची पोरगी धावत आली, "राहू द्या ताई, घडी बदलली त फिल्मचे तुकडे जुळत नाही."

तिसऱ्यांदा तो रडला नाही. कोनीतरी म्हने, "पाहा, शहाना झाला." मलेही वाटलं, झोपला.

"काढ वं गोधडी, काढ!"

"नाही, हवा लागंल त्याले."

"काढ वं, काढ!"

"नाही, हवा लागंल."

बोलता बोलता माहा हात गोधडीच्या आत गेला. पोट तव्यावानी तापलेलं. आन घाम नाही, कोरडं ठन्न. तवा मान लोळली.

गोल तोडला तो सासूनं. "आगी लागो तुमच्या नाटकाले!" म्हनत आली आन गोधडी ओढून फेकली. एक बाई तांब्या घेऊन त्याच्या तोंडाशी आली. मी तिचा हात झटकला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पानी टाकाचं नाही, हे त आमच्याच नाटकात हाय. सावलीत नेलं, ओढनी भिजवून अंगावर, मानेले, काखेत लावली, चौघी जनी पदरानं वारा घालून राहिल्या. मंग ऑटो. ऑटोत त्यानं एक बारीक आवाज काढला, मांजरावानी. मी देवाचं नाव घेतलं का काय घेतलं, आठवत नाही.

दवाखान्यात त्याले ठेवून घेतलं. आता घरी हाय. पिते, हासते. डॉक्टर म्हने, ध्यान ठेवा, उन्हाळा बाकी हाय. तो जास्त वेळ झोपला की मी त्याले चिमटा काढून उठवते.

काल सर आले. उंबऱ्यातच उभे राहिले, रडले. मंग म्हनाले, "ताई, तिन्ही कॅमेऱ्यात ते पुरं आलं हाय. तुमच्या सासूबाई येईपर्यंत, गोधडी फेकेपर्यंत, वारा घालेपर्यंत. असं खोटं कराले गेलो त होनार नाही. कितीतरी लेकरं वाचतील. पन तुम्ही हो म्हनाल तरच."

मोबाइलवर दाखवलं. त्यात दिसते, लोक ओरडून राहिले काढ म्हनून, आन मी दोनदा नाही म्हनते, आपल्याच मरत्या लेकराले घट्ट धरून. माहं बोलनं पाठ केलेलं होतं, हे त्यात कुठंच दिसत नाही. उद्या हा मोठा होईल, हाच मोबाइल त्याच्या हातात येईल. आन नाही म्हनलं, त कुठं गावात कोनी माय तशीच गोधडी आवळून बसली असंल.

सर उद्या येनार हायेत इचाराले. सांगा ना, तुम्ही काय केलं असतं?