पहिला ते दहावा, आणि त्यापुढचे

पालीच्या अलीकडे आमचं गाव. दर वर्षी थंडीत गावाची धावण्याची स्पर्धा होते आणि निकालाची यादी माझ्या गळ्यात पडते. निवृत्त मराठी शिक्षक रिकामाच असतो, अशी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाची ठाम समजूत आहे. धावलेल्या प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळतं, अगदी शेवटी धापा टाकत आलेल्यालासुद्धा. पहिल्या दहांचा क्रमांक अक्षरांत लिहायचा: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सातवा, आठवा, नववा, दहावा. त्यापुढच्यांना अंकाला 'वा' जोडायचा: ११वा, १२वा. यादी संगणकावर करून रत्नागिरीतल्या छपाईच्या दुकानात पाठवायची.

हे प्रत्यय मी हातानेही लावले असते. उभा जन्म दुसरं काय केलं? पण आमची एकुलती एक लेक बेंगळुरूला संगणकाच्या कंपनीत, आणि तिचा फोन म्हणजे "जेवलात? गोळी घेतलीत? ठेवते हं." तिच्या आवाजासाठी जीव कासावीस व्हायचा, पण ते सांगणार कोण? म्हणून पहिल्या वर्षी मी फोन करून म्हटलं, "अगो, नुसता आकडा टाकला की पुढचं आपोआप येईल, असं काही करता येतं का?"

तिने सूत्र करून दिलं. एकाला पहिला, दोनाला दुसरा, असं दहापर्यंत छान आलं. अकराव्याच्या चौकटीत मात्र चूक असल्याचा इंग्रजी शेरा. पुन्हा फोन. आम्ही त्या दिवशी किती तरी वेळ बोललो. अकराव्यावरून तिच्या स्वयंपाकावर आणि स्वयंपाकावरून तिच्या तिरसट साहेबावर गेलो.

दुसऱ्या वर्षी तिने दहाच्या पुढचं बसवलं, पण शेवटचा अंक बघून. त्यामुळे अकराव्या मुलासमोर '११ला' आलं, बाराव्यासमोर '१२रा', चौदाव्यासमोर '१४था'. मी हसून लोटपोट. "अगो, इंग्रजीत एकविसाव्याला पहिल्याचं शेपूट लागतं, आपल्यात नाही. चाराच्या पुढे सरसकट वा!" ती म्हणाली, "हो का बाबा? लक्षातच नाही आलं." मग संध्याकाळ होईपर्यंत दुरुस्ती चालली. तिच्या खोलीबाहेरची रहदारी ऐकू यायची, तीही मला गोड वाटायची.

तिसऱ्या वर्षी मुलींचा गट नवा सुरू झाला. प्रमाणपत्रावर 'मुलींच्या गटात तिसरी आल्याबद्दल' असं हवं होतं. सूत्राने सगळ्या पोरींना पहिला, दुसरा, तिसरा करून टाकलं. "पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, आणि मग वी, वी, वी," मी फोनवर शिकवत होतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, लेकीशी बोलताय की वर्ग घेताय?" त्या फोनची मी गणपतीपासून वाट बघत होतो.

यंदा स्पर्धेच्या आधीच तिची फाईल आली. मी आकडे टाकले. मुलगे दहाव्यापर्यंत अक्षरांत, पुढे अकराला वा, एकविसाला वा. मुली पहिली ते दहावी, पुढे वी. दोघे एकदमच पोचले तर दोघेही तिसरे आणि त्यांच्यामागचा थेट पाचवा, हेसुद्धा तिने बसवलं होतं. मी मुद्दाम वेडेवाकडे आकडे घालून पाहिले. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

शेवटी विनाकारणच फोन केला. "चाललं का बाबा?" तिने विचारलं.

"चाललं. यंदा फारच चोख केलंस."

"मला कॅनडाला पाठवतायत, पुढच्या महिन्यात. निदान तीन वर्षं. तुमची सकाळ ती माझी रात्र. ऐन वेळी तुम्ही अडाल आणि मी झोपलेली असेन. म्हणून या वेळी काही बाकी ठेवलं नाही."

मला समजायला जरा वेळ लागला. "म्हणजे आधी ठेवत होतीस?"

ती हलकेच म्हणाली, "तुमच्याच वर्गात बसले होते ना मी. अकराव्याला काय लागतं ते विसरेन का?"

"मलाही हाताने लावता येत होतं गो," मी म्हणालो.

"माहीत आहे बाबा."

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही. तिच्याकडे कुणीतरी हाक मारली, तेव्हा ती गेली. मी पुन्हा यादी उघडली आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एक तरी चूक सापडते का ते शोधत बसलो.