कोंबडीबद्दलचं तक्रारपत्र

तक्रारपत्राच्या पहिल्याच ओळीत मी खोटं लिहिलं. ‘आपल्या हॉटेलात जेवून माझं संपूर्ण कुटुंब आजारी पडलं,’ असं झोकात लिहून बायकोला वाचून दाखवलं. ती ओट्याजवळ भात निथळवत होती.

“मी कुठं आजारी पडली?” ती म्हणाली.

“जोर यावा म्हणून लिहिलं.”

“जोर येऊन नाही राहिला, फजिती होऊन राहिली. तो मॅनेजर मले पाहील अन् हासंल.”

राग मात्र खरा होता. गुरुवारी दवनीवाड्याहून आम्ही तिघं गोंदियाला गेलो होतो. सातवीतल्या पोरीला शनिवारच्या तालुका कबड्डीसाठी बूट घ्यायचे होते. बूट घेतले आणि दीडच्या सुमारास एका हॉटेलात बसलो. बायकोचा गुरुवार, म्हणून तिनं पनीर मागवलं. पोरीनं आणि मी चिकन. पोरीनं लेगपीस मोडून माझ्यापुढं धरला. हाडाजवळचं मांस गुलाबी होतं, चाखून पाहिलं तर आतून थंडगार. खाण्यापिण्यातला जाणकार मी. म्हटलं, “नरम आहे, खा.”

शुक्रवारी पहाटे माझ्या पोटात मुरडा आला. सातला पोरीला उलटी झाली, मग जुलाब, दुपारपर्यंत सात-आठ वेळा. अंग तापून एकशे दोन. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला सलाईन लावली, मला ओआरएसची पाकिटं दिली. चिकनच का, असं विचारलं तर ते म्हणाले, संशय घ्यायला जागा आहे, पण तपासणीशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. कागदावर त्यांनी ‘संशयित अन्नविषबाधा’ एवढंच लिहिलं.

शनिवारी कबड्डी झाली. पोरगी खाटेवर, नवे बूट खाटेखाली. ती रडली नाही, फक्त म्हणाली, “बाबा, त्यांनी मले सॉरी म्हटलं पाहिजे.” तेवढ्यासाठी मी कागद-पेन घेऊन बसलो होतो.

बायको हात पुसत बाजूला येऊन बसली. “मी आजारी नाही पडली, हेच लिहा,” ती म्हणाली. “पाणी एकच, रोटी एकच, कांदा-काकडी एकाच ताटलीतली. मी चिकन तेवढं नाही खाल्लं.”

बावीस वर्षं तिच्या गुरुवारांची थट्टा करणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. पत्र पुन्हा लिहिलं. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कुणी काय खाल्लं नाही. मांस आतून गुलाबी आणि थंड होतं, हेही. कोणता त्रास केव्हा सुरू झाला. डॉक्टरांनी काय लिहिलं. ‘संशय’ हा शब्द ठेवला. स्वयंपाकघरात काय चुकलं ते तपासून लेखी कळवा, आणि मुलीची माफी मागा. बिलाची आणि केस पेपरची झेरॉक्स जोडली. दोन प्रती काढल्या, एक त्यांना आणि एक पोच घ्यायला.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. मॅनेजर पस्तिशीचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यानं पत्र न वाचताच बाजूला सरकवलं.

“भाऊसाहेब, रोज शंभर लोग खाते हैं. कोणाची कम्प्लेंट नाही. बाहरका पानी पिया होगा.”

“पाणी तुमच्याच टेबलावरच्या जगमधलं,” मी म्हणालो. “हिनंही पिलं. ही ठणठणीत आहे. आधी वाचा.”

त्यानं वाचलं, मग बायकोकडं पाहिलं. “मॅडम, आपने क्या खाया था?”

“पनीर. बिलावर आहे.”

तो पुन्हा माझ्याकडं वळला. “गुलाबी दिसलं होतं, तर परत काऊन नाही केलं?”

माझा आवाज चढला. “माझी अक्कल कच्ची होती, कबूल. पण कोंबडी शिजवायचं काम माझं होतं का? पोरगी दिवसभर सलाईनवर होती, तिची मॅच गेली. पोच देता, की हीच प्रत घेऊन अन्न व औषध प्रशासनात जाऊ?”

त्यानं आचाऱ्याला बोलावलं. गुरुवारी गर्दी होती का, एवढंच विचारलं. आचारी चपलांकडं पाहत म्हणाला, “डीप फ्रीजरमधल्या पीसचा बर्फ पूरा सुटला नव्हता. ऑर्डर लागून राहिल्या होत्या, तसेच टाकले.” वरून भाजले, आत बर्फ.

मॅनेजरनं खिशातलं एक पेन काढलं. मग आमच्या प्रतीवर शिक्का मारला, सही केली आणि खाली लिहिलं : ‘चूक आमची. यापुढे मांसाचा बर्फ पूर्ण सुटल्याशिवाय आणि ते आतून तपासल्याशिवाय वाढणार नाही. बेटी, माफ कर.’

घरी पोरीनं ते दोनदा वाचलं आणि बुटांच्या खोक्यात ठेवलं. मी कॉलर ताठ करून विचारलं, “कसं लिहिलं होतं पत्र?”

“चांगलं होतं,” बायको म्हणाली. “आता आणखी एक लिहा पोरीले. ‘नरम आहे, खा’ म्हणणाऱ्याकडून. पोच मी देईन.”